वीस अंशांची खोली

"60 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात किती ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळेल? आलेखावरून लिहा." विद्राव्यतेच्या आलेखावर हा प्रश्न ठरलेला. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. सुट्टीत मिरजोळ्याला घरी आलो, की शेजारची मुलं वह्या घेऊन येतात आणि त्या वह्यांमध्ये हा प्रश्न हमखास असतो. क्षाराचं नाव आणि तापमान तेवढं बदलतं. मुलं पट्टी लावतात, 60 वरून उभी रेघ, वक्रावरून आडवी रेघ, उत्तर 110. दोन गुण मिळतात, प्रश्न संपतो.

माझं म्हणणं असं आहे, की या प्रश्नाने आलेखाचा पार कचरा केला आहे. आकडाच हवा असेल तर दोन रकान्यांचा तक्ता पुरतो, आणि तो पट्टीपेक्षा अचूकही असतो. माझ्या धंद्यात याला लुकअप म्हणतात आणि त्यासाठी कुणी चित्र काढत नाही. चित्र काढायचं ते तक्त्यात न दिसणाऱ्या गोष्टींसाठी: रेघ किती चढते, कुठे सपाट राहते, कुठे मोडते. नेमक्या याच तीन गोष्टी शाळा विचारत नाही.

आधी ही रेघ म्हणजे काय ते पाहू. एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला 100 ग्रॅम पाण्यातला क्षार. रेघेच्या खालचा कुठलाही बिंदू म्हणजे असंपृक्त द्रावण, अजून क्षार मावतो. रेघेवर संपृक्त, म्हणजे तळाशी न विरघळलेला क्षार आणि वरचं द्रावण यांचा तोल साधलेला. रेघेच्या वर गेलात तर जास्तीचा क्षार आज ना उद्या खाली बसणार. म्हणजे ही रेघ एक हद्द आहे. द्रावण तापतं, निवतं, आटतं तेव्हा आपला बिंदू या कागदावर चालत असतो, आणि तो हद्द कधी ओलांडतो हे पाहणं म्हणजे आलेख वाचणं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. 100 ग्रॅम सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि त्यात मिसळलेलं 10 ग्रॅम साधं मीठ. दोन्ही वेगळे करायचे आहेत. 100 ग्रॅम पाणी घेऊन 60 अंशांपर्यंत तापवलं. तिथे सोऱ्याची हद्द 110 वर आहे आणि मिठाची 37 वर, म्हणजे दोन्ही पूर्ण विरघळतात. आता द्रावण निवू द्यायचं. पुस्तकी उत्तर म्हणतं, खोलीच्या तापमानाला, म्हणजे 20 अंशांना, सोऱ्याची विद्राव्यता 32 ग्रॅम, म्हणून 68 ग्रॅम स्फटिक खाली बसतील.

कुठली खोली ही? मिरजोळ्यात विनाएसीच्या खोलीत भर दुपारी 20 अंश कधी होतं? इथे डिसेंबरातही दुपारचा पारा तिशीवर असतो. 30 अंशांना सोऱ्याची विद्राव्यता सुमारे 46 ग्रॅम आहे. म्हणजे हाच प्रयोग इथल्या मुलीने केला तर तिला 54 ग्रॅम स्फटिक मिळतील. पुस्तकाच्या उत्तराहून 14 ग्रॅम कमी. तिने काहीही चुकवलेलं नसेल, तरी तिला वाटेल की आपला प्रयोग बिघडला. आणि ज्या आलेखावर हे 14 ग्रॅम सरळ दिसतात, तो तिच्या समोरच उघडा असेल. 20 आणि 30 मध्ये सोऱ्याची रेघ इतकी चढी आहे, की खोलीचं तापमान गृहीत धरणं परवडतच नाही. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, कारण प्रश्नपत्रिकेला रेघेचा चढ नकोच असतो, एक बिंदू हवा असतो.

उदाहरण अजून संपलेलं नाही. 30 अंशांना मिठाची हद्द 36 ग्रॅम आहे आणि आपल्याकडे मीठ फक्त 10 ग्रॅम, म्हणून ते सगळं द्रावणातच राहतं. पण भांडं उघडं ठेवून पाणी आटू दिलं, तर ते 28 ग्रॅमच्या खाली गेल्यावर मीठही खाली बसू लागेल आणि केलेलं काम वाया जाईल. स्फटिक गाळल्यावर त्यांना खारट द्रावण चिकटलेलं असतंच, ते धुवायला हवं. कशाने? पुन्हा आलेख पाहा. शून्य अंशाला 100 ग्रॅम पाण्यात सोरा जेमतेम 13 ग्रॅम विरघळतो आणि मीठ जवळजवळ 36 ग्रॅम. म्हणजे बर्फगार पाण्याचे 10 ग्रॅम वापरले, तर सोरा सव्वा-दीड ग्रॅमच जाईल, पण साडेतीन ग्रॅमपर्यंत मीठ धुऊन निघू शकेल. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर पांढरा साका येणं थांबलं, की मीठ गेलं. ही सगळी रीत दोन रेघांमधून निघाली. वजाबाकी आणि साधं त्रैराशिक सोडून दुसरं गणित लागलं नाही.

आता सपाट रेघ. मिठाची रेघ शून्यापासून शंभर अंशांपर्यंत 36 वरून 39 वर जाते, बस. शाळेत याचं एकच वाक्य होतं: "मिठाच्या विद्राव्यतेवर तापमानाचा फारसा परिणाम होत नाही." हे वाक्य पाठ करणाऱ्या मुलाला पुढचा प्रश्न विचारा: मग मीठ करायचं कसं? उकळत्या संपृक्त द्रावणाला 30 अंशांपर्यंत निववलं तर 100 ग्रॅम पाण्यामागे तीन ग्रॅम मीठ मिळेल. त्यावर कुणाचं पोट भरणार? रेघ चढत नसेल तर तिच्यावरून खाली उतरून काही हाती लागत नाही. दुसरा मार्ग उरतो तो पाणीच काढून टाकण्याचा.

कोकणात हा मार्ग शतकानुशतकं चालत आला आहे. मे 1930 मध्ये जिथे मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, आणि सत्याग्रह तिथे झाला कारण तिथे मिठागरं होती. एक किलो समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण 35 ग्रॅम असतात, त्यात साधं मीठ 27 ग्रॅमच्या आसपास. हद्दीला पोचायला 100 ग्रॅम पाण्यामागे 36 ग्रॅम मीठ हवं, म्हणजे समुद्राचं पाणी आटून जवळजवळ दहाव्या हिश्शावर यायला हवं. म्हणून ते उथळ वाफ्यांमधून पुढे पुढे सरकवत नेतात. वाटेत आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, कारण त्यांच्या हद्दी फार खाली आहेत. बॉमे मापकावर घनता 25 अंशांच्या जवळ गेली की मीठ बसू लागतं. आणि 30 च्या आसपास उरलेलं पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार मिठात येतात, मीठ कडवट लागतं आणि दमट हवेत ओलं होऊन बसतं. शाळेच्या आलेखाची मर्यादाही इथेच कळते: त्यातली प्रत्येक रेघ एकट्या क्षाराची, शुद्ध पाण्यातली असते. मिसळलेल्या पाण्यात हद्दी एकमेकींना थोड्या ढकलतात. पण कोण आधी आणि कोण नंतर, हा विचार सुरू होतो तो या साध्या आलेखापासूनच. समुद्र सायकलच्या अंतरावर असलेल्या मुलाला हे सांगायचं नाही, तर कुणाला सांगायचं?

शेवटी मोडलेली रेघ, आणि माझा खरा राग तिच्याबद्दल आहे. सोडियम सल्फेटची रेघ शून्याला पाचाच्या आसपास सुरू होते, 20 अंशांना 19-20 वर येते, 30 ला 41 वर. 32.4 अंशांना ती पन्नासाच्या जवळ पोचते आणि तिथे कोपरा करून खाली वळते, शंभर अंशांना 42 वर येते. वहीत मुलं लिहितात: "अपवाद: सोडियम सल्फेट." म्हणजे निसर्गाने एक नियम केला आणि एका क्षाराने तो मोडला!

कुणी काही मोडलेलं नाही. ती एक रेघ नाहीच, दोन आहेत. 32.4 अंशांच्या खाली तळाशी बसलेला पदार्थ Na₂SO₄·10H₂O असतो, दहा रेणू पाणी घेऊन बसलेला, ग्लॉबरचं मीठ. त्याच्या वर तळाशी निर्जल Na₂SO₄ असतो. पहिला विरघळताना उष्णता शोषतो, म्हणून त्याची रेघ तापमानासोबत चढते. दुसरा विरघळताना उष्णता सोडतो, म्हणून त्याची रेघ उतरते. एकच नियम दोन घन पदार्थांना लागला आणि दोन रेघा जिथे भेटल्या तिथे कोपरा दिसला. आलेखाच्या दोन अक्षांवर न लिहिलेली तिसरी गोष्ट, तळाशी कोण आहे ही, त्या कोपऱ्यातून बोलते. तिला अपवाद म्हणणं म्हणजे आलेखातली सर्वांत मोलाची खूण खोडणं.

आणि हे 32.4 अंश काही प्रयोगशाळेतलं दुर्मीळ तापमान नाही. ते इतकं पक्कं आहे, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थिओडोर रिचर्ड्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तापमापी पडताळण्यासाठी ते सुचवलं होतं. आणि ते आमच्या मे महिन्यातल्या दुपारचंही तापमान आहे. ग्लॉबर मिठाची घट्ट बुचाची बाटली पत्र्याच्या छपराखाली ठेवा. सकाळी कोरडे स्फटिक, दुपारी ओला रबडा. बाहेरून पाणी आलेलं नसतं. 100 ग्रॅम स्फटिकांत 56 ग्रॅम पाणी आधीच असतं आणि 44 ग्रॅम सोडियम सल्फेट. हद्द ओलांडली की ते पाणी मोकळं होतं. 56 ग्रॅम पाण्यात त्या तापमानाला 28 ग्रॅमच मावतं, उरलेली 16 ग्रॅम पांढरी भुकटी तळाशी बसते. आलेखातला कोपरा बाटलीत दिसतो, तोही इथे, बर्नर न पेटवता.

यावर शिक्षक मित्र मला म्हणतात, "अरे, मुलांना आधी आलेख वाचता तर येऊ दे. वर्गात साठ पोरं, तासिका पस्तीस मिनिटांची." अडचण खरी आहे. पण बिंदू वाचायला दोन मिनिटं लागतात आणि आपण वर्षानुवर्षं तिथेच थांबलो आहोत. मी नवी प्रयोगशाळा मागत नाही, नवा धडाही नाही. तोच आलेख, तेवढेच दोन गुण, फक्त प्रश्न बदला: "60 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात 100 ग्रॅम सोरा विरघळवला. तुमच्या वर्गातल्या तापमानाला तो निवला तर किती स्फटिक मिळतील?" यासाठी मुलांना आधी भिंतीवरच्या तापमापीकडे पाहावं लागेल. रत्नागिरीचं उत्तर आणि महाबळेश्वरचं उत्तर वेगळं येईल, आणि दोन्हींना पूर्ण गुण द्यावे लागतील. तपासनिसाला हे गैरसोयीचं आहे, याची मला कल्पना आहे.