रुजू होतानाच आमचे कान तपासा

माननीय कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांस,



मी ऐरोलीच्या एका कॉल सेंटरमध्ये बँकेच्या ग्राहकांचे कॉल घेते. हेडसेट एका कानाचा असतो आणि मी तो कायम उजव्या कानाला लावते. त्याच कानात बारीक, किर्र आवाज सुरू झाला. आधी शिफ्ट संपली की तासाभरात थांबायचा. पुढे तो झोपेत येऊ लागला आणि आता थांबतच नाही. कॉलवरचं बोलणं मात्र स्वच्छ ऐकू यायचं, त्यामुळे कान बिघडलाय हे कुणालाच पटत नव्हतं.

शेवटी सरकारी रुग्णालयात गेले. कानात मळ नव्हता, पडदाही ठीक होता. श्रवणतज्ज्ञ मॅडमनी त्या दिवशी ऑडिओग्राम काढलाच नाही. रात्रपाळी करून थेट आलेल्याचा कान तात्पुरता मंद झालेला असू शकतो, म्हणून त्यांनी सुट्टीनंतर, हेडसेटला हात न लावता यायला सांगितलं.

आलेख आला तेव्हा 2000 हर्ट्‌झपर्यंत दोन्ही कान चांगले होते. 4000 हर्ट्‌झला डाव्या कानाला 15 डेसिबलचा आवाज ऐकू आला, उजव्याला मात्र 45 डेसिबल लागले. 8000 ला उजवा कान पुन्हा 25 वर आला. मधला हा खड्डा गोंगाटाने झालेल्या इजेची ओळखीची खूण. बोलणं बरंचसं त्या खालच्या पट्टीत असतं, म्हणून ते नीट ऐकू येत होतं. एकाच कानाचा त्रास असल्याने नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआयही झाला. गाठ नव्हती.

मग डॉक्टरांनी विचारलं, “नोकरीला लागतानाचा ऑडिओग्राम आहे का?” तो नाही. रुजू होताना रक्त तपासलं, डोळे तपासले, कान नाही. त्यामुळे इजा गोंगाटाची दिसते एवढंच त्यांना लिहिता आलं; ती कधी आणि कुठे झाली, हे नाही. त्यांचं बरोबरच आहे. हेडसेटचा सरासरी आवाज बऱ्याचदा 85 डेसिबलच्या आतच असतो. पण शेजारच्या गलक्यात आम्ही तो वाढवत जातो, आणि मधूनच लाइनवर कर्कश किंचाळी येते, तिची नोंद कुठेच होत नाही.

गोंगाटाने येणारं बहिरेपण 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतही होतं. पण पहिला आलेखच नसेल, तर आमच्यासारख्यांनी आजार सिद्ध कशाच्या आधारे करायचा?

म्हणून विनंती आहे: रुजू होताना आणि नंतर दरवर्षी, सुट्टीनंतरच्या दिवशी, प्रत्येकाचा ऑडिओग्राम काढणं सक्तीचं करा आणि त्याची प्रत कामगाराच्या हातात द्या. लाइनवरच्या किंचाळीची तारीख-वेळ लिहायला फ्लोअरवर नोंदवही ठेवायला लावा. माझ्या कानाला आता औषध नाही. आवाजाची सवय करून घेण्याचे उपचार सुरू आहेत. या महिन्यात आमच्याकडे नवी बॅच रुजू होतेय. त्यांचे कान अजून तपासता येतील.

आपली,
एक कॉल सेंटर कर्मचारी