पाणी नक्की कुठे मुरतंय?

शाळेत दहा वर्षं एक प्रश्न सोडवला: ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’. उलटा प्रश्न मात्र एकदाही आला नाही. वाक्प्रचारांनी भरलेलं वाक्य घ्या, ते सगळे काढा आणि नेमकं काय घडलं ते सांगा. हा प्रश्न कुणी विचारला असता तर मागच्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये झालेला घोळ टळला असता.

बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या कामावरून ठेकेदाराशी वाजलं, म्हणून त्यांनी सगळ्या फ्लॅटमालकांना पत्र लिहिलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं:

‘गच्चीच्या कामात कुठेतरी पाणी मुरत असून, ठेकेदाराने आधी कानावर हात ठेवले, मग हात वर केले आणि अखेर आपल्या तोंडाला पाने पुसली.’

मराठी माणसाला हे एका दमात कळतं. पण तिसऱ्या मजल्याचे मालक चेन्नईत राहतात आणि त्यांना मराठी येत नाही. त्यांच्यासाठी इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसला निघायच्या आधी दहा मिनिटांत मी ते उरकलं. पाणी मुरतंय, त्याने कान झाकले, हात उगारले, आपल्याला फसवलं. शब्द बहुतेक जागच्या जागी होते.

संध्याकाळी उत्तर आलं, फारच मनापासून लिहिलेलं. पाणी कुठे मुरतंय ते शोधायला आधी प्लंबर बोलवा. ठेकेदार ऐकून घेत नसेल तर रजिस्टर्ड पत्र पाठवा. आणि त्याने हात उगारला असेल तर पोलिसांत तक्रार केली का, कुणाला लागलं तर नाही ना?

बाबा हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. गच्चीच्या पत्रात ‘पाणी मुरतंय’ म्हटल्यावर दुसरं काय समजायचं? इंग्रजीत कान झाकणारा माणूस ऐकायला नकार देतो. मराठीत कानावर हात ठेवणारा सगळं नीट ऐकतो आणि ‘मला यातलं काही माहीत नाही’ म्हणतो. पहिल्याला पत्र पाठवायचं असतं. दुसऱ्यापुढे पुरावा ठेवायचा असतो. अवयव तोच, हालचाल तीच, आणि सल्ला मात्र पूर्ण वेगळा.

अशा वेळी जाणकार लोक सांगतात, ‘त्या भाषेतला समांतर वाक्प्रचार शोधायचा.’ माझा राग या सल्ल्यावर आहे. ‘हात वर केले’साठी इंग्रजीत हात धुण्याचा वाक्प्रचार लगेच सुचतो. पण हात धुणारा जबाबदारीतून मोकळा होतो, म्हणजे आपल्याकडचं हात झटकणं. बाबांच्या पत्रातला ठेकेदार ‘आता मला जमणार नाही’ म्हणत होता. समांतर वाक्प्रचार शोधताना आपण एक धुकं काढून दुसरं आणतो, आणि वर भाषांतर सुंदर झालं म्हणून खूशही होतो. शिवाय चेन्नईच्या काकांचीही इंग्रजी ही मातृभाषा नाही. त्यांना इंग्रजी वाक्प्रचार देऊन मी कुणाची सोय करणार होतो?

म्हणून मी बाबांसमोर बसलो. आधी वाक्प्रचार ओळखायचे. याची एक साधी युक्ती आहे: वाक्यात थोडा बदल करून बघायचा. ‘डाव्या कानावर हात ठेवला’ म्हणा, लगेच तो माणूस खरंच कान दाबून उभा दिसतो. ‘तोंडाला तीन पाने पुसली’ म्हणा, अर्थच पळून जातो. वाक्प्रचार गोठलेला असतो, त्यात बोट घातलं की तुटतो. ‘हात वर केला’ हे तर गमतीशीरच आहे. एकवचनात सोसायटीच्या मीटिंगमध्ये मत दिलं, अनेकवचनात ऐन वेळी माघार घेतली.

पण सगळेच काढत बसायचं नाही. ‘काम हाती घेतलं’ कुणालाही कळतं, कुठल्याही कोशात मिळतं. जिथे शब्दशः वाचलं तरी वाक्याला बरा अर्थ लागतो, तिथे धोका आहे, कारण तिथे वाचणारा थांबून विचारतच नाही. तोंडाला पानं पुसली म्हटलं असतं तर काकांनी नक्की विचारलं असतं. पाणी मुरण्यावर त्यांनी प्लंबर सुचवला.

मग प्रत्येक वाक्प्रचारापाशी थांबून विचारायचं: कोण, कुणाला, काय म्हणालं किंवा काय केलं, आणि हे आपल्याला कसं कळलं?

“कानावर हात ठेवले म्हणजे काय म्हणाला, बाबा?”

“अरे म्हणजे नाही म्हणाला.”

“कशाला नाही?”

इथे बाबा जरा थांबले. साठ हजार रुपये आगाऊ मिळालेच नाहीत, असं तो म्हणाला होता. बँकेची नोंद दाखवल्यावर त्याने ते मान्य केलं, पण कामगार गावी गेलेत, काम पुरं करता येणार नाही, असं सांगितलं. हे ‘हात वर केले’. मग दसऱ्यापर्यंत पैसे परत देतो म्हणाला आणि एक रुपयाही दिला नाही. ही ‘पाने’. माझ्या इंग्रजीतलं ‘फसवलं’ चूक नव्हतं, पण तो नुसता निकाल होता. किती रुपये, कधीचा वायदा, काहीच कळत नव्हतं.

नवं वाक्य असं झालं:

‘ठेकेदाराने आधी साठ हजार रुपये मिळालेच नाहीत असे सांगितले. बँकेची नोंद दाखवल्यावर त्याने रक्कम मिळाल्याचे मान्य केले, पण कामगार नसल्यामुळे काम पूर्ण करू शकत नाही असे कळवले. दसऱ्यापर्यंत पैसे परत करण्याचे त्याने कबूल केले होते. आजपर्यंत काहीही परत केलेले नाही. आम्हाला फसवले गेल्यासारखे वाटते.’

एका वाक्याची पाच वाक्यं झाली. शेवटचं मी मुद्दाम वेगळं ठेवलं. वाक्प्रचारात घटना आणि चीड एकाच घासात येतात. उलगडताना चीड फेकून द्यायची नाही, तिला तिचं वाक्य द्यायचं, म्हणजे कुठलं घडलंय आणि कुठलं वाटतंय हे परक्या वाचणाऱ्याला वेगळं दिसतं.

‘भाषेची श्रीमंती जाते’ असं म्हणणाऱ्यांना सांगतो, कथेतली आजी कानावर हात ठेवत असेल तर छापताना ठेवू दे. अनुवादकाला समासात साधा अर्थ लिहून द्या, मग आजीला त्याच्या भाषेत कसं बोलवायचं ते तो ठरवेल. अर्थच न देता त्याने नाद सांभाळावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. आणि सोसायटीचं पत्र म्हणजे काही कथा नाही. तिथे श्रीमंती साठ हजारांची होती.

राहिलं ‘पाणी मुरतंय’.

“यात कुणी काय केलं?”

“बिलात केमिकलचे दोन हात लावलेत. मारला एकच.”

“तुम्ही बघितलं?”

“पाटीलकाकूंनी बघितलं.”

मी लिहिलं: ‘बिलात दोन थर आहेत, प्रत्यक्षात एकच दिला असा आम्हाला संशय आहे.’ मग पाटीलकाकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, मी नाही बघितलं, वॉचमन म्हणत होता. वॉचमन त्या आठवड्यात सुट्टीवर होता.

बाबांनी ते वाक्य इंग्रजी पत्रातून काढायला लावलं. मराठी पत्रात ‘पाणी मुरतंय’ तसंच ठेवायचं म्हणत होते. त्यावर आमचं अजून चालू आहे.