ठिगळ बोलत नाही, बाई बोलते

"प्रत्येक ठिगळ एक गोष्ट सांगतं" अशा अर्थाचं वाक्य हल्ली गोधडी विकणाऱ्या दुकानांतल्या चिठ्ठीवर असतं. वाचायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. ठिगळ काही सांगत नाही. गोष्ट ती गोधडी शिवणाऱ्या बाईजवळ असते. ती बाई गेली आणि तिला कुणी विचारलेलं नसलं, की उरतो तो जुना कपडा. आमच्या खानदेशात, जळगाव-धुळ्याकडच्या घरांत, आणि त्यातही मुसलमान घरांत, नेमकं हेच चाललं आहे. म्हणून आधी गोधडी वाचायची कशी ते सांगतो आणि मग माझी तक्रार.

ज्यांनी गोधडी फक्त पांघरली आहे त्यांना वाटतं, की गोधडी म्हणजे वरचे रंगीत तुकडे. खरं तर ते शेवटचं काम. गोधडी हे थर एकमेकांना धरून ठेवण्याचं काम आहे. खाली अस्तर, मध्ये दोन-तीन थर जुन्या फाटक्या कपड्यांचे, वर ठिगळं, आणि या सगळ्यांतून आरपार जाणारा साधा धावदोरा. कापूस भरला की ती रजई झाली, आणि रजई पिंजाऱ्याचं काम. गोधडीत कापूस नसतो, कापडच कापडाला ऊब देतं.

आता एक गोधडी उलगडून दाखवतो. ही माझ्या फुफीची, धुळे तालुक्यातल्या गावी शिवलेली. पाच फूट रुंद, साडेसात फूट लांब. वैशाखात शिवली, कारण तेव्हा शेतात काम नसतं, अंगण कोरडं असतं आणि खानदेशातल्या दुपारी सावली धरून बसण्यापलीकडे करण्यासारखं काही नसतं. तिचं अस्तर नऊवारी लुगड्याचं आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे पाच-पाच फुटांचे पाच तुकडे होतात. लुगड्याचा पन्हा साधारण पावणेचार फूट, म्हणजे दोन तुकडे पन्ह्याच्या कडेने जोडले की साडेसात बाय पाचचा एक अख्खा थर तयार. एका लुगड्यात असे दोन थर निघतात आणि पाचवा तुकडा वरच्या ठिगळांना उरतो. लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. बसायच्या जागी आणि खोचायच्या जागी आधी विरतं, पदर आणि काठ शेवटपर्यंत टिकतात. म्हणून विरलेले तुकडे आतल्या थरात, धड तुकडे खाली अस्तराला, आणि काठ कापून कडेच्या पट्टीला. तिच्या गोधडीचा दुसरा आतला थर फुफांच्या दोन लुंग्या आणि एका फाटक्या चादरीचा आहे. बाहेरून तो दिसत नाही. पण कडेची पट्टी एका जागी उसवली आहे, तिथे बोट घातलं की लुंगीच्या चौकटी दिसतात.

कापडं आधी सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यायची, म्हणजे खळ जाते आणि आटायचं तेवढं तेव्हाच आटतं. शिवणी उसवायच्या, बटणं काढायची. मग अंगणात अस्तर ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, एकेक थर हाताने सुरकुत्या काढत अंथरायचा आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचं. त्यानंतर खरी शिवण. फुफी आणि तिची जाऊ समोरासमोर बसत आणि कडेकडून आत येत, चौकटीत चौकट. टाक्याची ओळ आणि पुढची ओळ यांत एका बोटाचं अंतर. दोन बोटं चालतात. तीनच्या वर गेलं की चार-सहा धुण्यांत आतलं विरलेलं कापड सरकतं आणि गोळा होतं. कुठलीही गोधडी उन्हाकडे धरून बघा. काळे गठ्ठे आणि त्यांच्या शेजारी लख्ख उजेडाच्या जागा दिसल्या तर ओळी लांब-लांब पडल्या होत्या असं समजा. कडेकडून आत येताना हाताने कापड पुढे ढकललं गेलं तर मधोमध फुगा येतो. फुफीच्या गोधडीत तसा एक आहे आणि तिने त्यावर दोन आडव्या ओळी जास्तीच्या मारल्या आहेत.

सुती आणि पॉलिस्टर एकत्र करायचं नाही, हा नवशिक्यांचा पहिला नियम. सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात ठिगळं वर येतात. कापड ओळखायचं असेल तर कडेचा एक धागा काढून काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. घराघरातून गोधडी जाण्याचं अर्धं कारण हेच आहे. बायका आळशी झाल्या असं म्हणणारे आहेत, पण घरातल्या जुन्या कपड्यांत सुती कपडाच उरला नाही, त्याला बाई काय करणार?

आता वरची बाजू. फुफीने मला ती एका दुपारी वाचून दाखवली. उशाकडच्या हिरव्या ठिगळांची ओढणी तिच्या आईची, म्हणजे माझ्या दादीची. मयताचे कपडे आमच्यात गरिबांना देऊन टाकतात. पण कपडे हाही तरकाच, तेव्हा सगळ्या भावंडांना विचारून फुफीने ही एक ओढणी ठेवून घेतली. उशाकडे का, तर दादीची ओढणी पायाखाली कशी घालायची. मधल्या निळ्या पट्ट्या फुफांच्या गिरणीतल्या सदऱ्याच्या. पाठ विरली होती म्हणून फक्त बाह्या आणि खिसा वापरला, आणि खिशाची रेघ अजून दिसते. पिवळ्या फुलांचा तुकडा थोरल्या मुलीच्या छठीच्या झबल्याचा. खाकी ठिगळं पायथ्याला, मुलांच्या शाळेच्या चड्ड्यांची, कारण ते कापड जाड आणि पायाने झिजत नाही. आणि खालचं जांभळं अस्तर, ज्याच्यावर ही सगळी गोधडी उभी आहे, ते शेजारच्या पाटलांच्या काकूंचं लुगडं. काकूंनी ते दिलं तेव्हा बदल्यात फुफीने त्यांच्या नातवाची बाळगोधडी शिवून दिली.

यातलं एकही वाक्य मला ती गोधडी बघून कळलं नसतं. हिरवं कापड म्हणजे मुसलमान, एवढंच कुणीतरी शहाण्याने लिहिलं असतं. जांभळ्या लुगड्यावरून त्याने ती गोधडी मराठा किंवा लेवा पाटील घराची ठरवली असती, आणि तेही चूकच झालं असतं. शिवाय खानदेशातल्या गावाकडच्या जुन्या मुसलमान बायकाही लुगडं नेसत. पिंजारी आणि तडवी घरांत तुम्हाला हे आजही कुणी म्हातारी सांगेल.

माझी तक्रार इथे सुरू होते. मराठीत गोधडीवर लिहिलेलं वाचताना नेहमी तीच आजी भेटते, नऊवारीतली, तुळशीजवळ बसलेली. तिच्याबद्दल मला प्रेमच आहे. पण त्या आजीच्या भिंतीला लागून राहणारी दादी त्या लिखाणात नसते. तिची लुंगी, तिची ओढणी, तिचा मुलांच्या कुर्त्याचा तुकडा गोधडीत आहे आणि गोष्टीत नाही. याचा दोष सगळाच लिहिणाऱ्यांचा नाही. आपण तरी आपल्या दादीला कधी विचारलं? पाहुणे यायचे असले, त्यातून मुलीचा रिश्ता घेऊन येणारे असले, तर गोधड्या आधी आतल्या खोलीत जातात आणि चमकदार ब्लँकेटं बाहेर येतात. पैगंबर (स.) स्वतःचे कपडे स्वतः शिवत आणि चप्पल सांधत, असं हजरत आयशा (र.) यांच्याकडून आलेलं आहे. पैवंद लावलेला कपडा आपल्याला लाजेचा वाटावा, हे कुठून आलं ते ज्याने-त्याने आपल्या घरात शोधावं. मग कधीतरी भांडेवाली येते आणि चार गोधड्यांचं एक स्टीलचं पातेलं होतं.

विचारून लिहून ठेवलं तर काय होतं, याची दोन उदाहरणं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती, जन्माने गुलाम. तिने अकरा चौकटींची एक गोधडी शिवली, बायबलमधल्या प्रसंगांची. १८८६ साली ती एका प्रदर्शनात जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटने नाही म्हटलं. पुढे तंगी आली तेव्हा पाच डॉलरला द्यावी लागली. पण देताना तिने एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि जेनीने तो उतरवून घेतला. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि तिच्यात काय आहे ते शिवणारीच्या सांगण्यावरून कळतं. दुसरं उदाहरण आपल्या जळगावचं. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात म्हटलेल्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकात आली. टिपणारं कुणी घरात नसतं तर? त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षांत दुपारी गोधड्या शिवणाऱ्या शेकडो बायका होत्या, आणि त्यांच्या कापडाला सोपानदेव मिळाला नाही.

बाजारात मिळणाऱ्या गोधड्यांना माझा विरोध नाही. नवं कापड कापून मशीनवर शिवलेली गोधडीही ऊब देते आणि शिवणाऱ्या बाईला मजुरी मिळते. फक्त तिच्यावर ती गोष्टीची चिठ्ठी लावू नये. आणि जुनी, हाताची गोधडी कुणी विकत घेतली तर गावाच्या नावाबरोबर बाईचं नाव मागावं. "खानदेशी कारागीर" हे कुणाचंही नाव नाही.

घरच्या गोधडीसाठी करायचं काम एका दुपारचं आहे. शिवणारी असेल तर तिच्यासमोर गोधडी पसरा आणि उशाकडून सुरुवात करा, कारण मानाचं कापड बहुधा तिथे असतं. "याची गोष्ट काय" असं विचारू नका, बायका लाजतात आणि "काही नाही रे, जुनं होतं" म्हणून मोकळ्या होतात. हे कुणाचं, कधी घातलं, इथेच का लावलं, एवढंच विचारा. आतल्या थरांत काय आहे तेही विचारा, कारण ते पुन्हा कधीच दिसणार नाही. फोनवर आवाज ठेवलात तर उत्तमच, पण फोन बदलतात. म्हणून पांढऱ्या सुती पट्टीवर बाईचं नाव, गाव, साल आणि मुख्य कापडं कुणाची ते दोऱ्याने टाचा. पेनची शाई दोन धुण्यांत जाते. पट्टी पायथ्याच्या कोपऱ्यात, उलट्या बाजूला लावा. उशाकडे लावली तर ती गालाला टोचते आणि पोरं ओढून काढतात.