पाठीवरचा आकडा

चेहरा न दिसताही आपण खेळाडू ओळखतो. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. तो आम्ही घराच्या ओसरीत, छोट्या टीव्हीच्या मुंग्या आलेल्या पडद्यावर पाहिला. डोक्यावर शिरस्त्राण, त्यावर जाळी. चेहरा दिसणार कसा? तरीही कुलसेकराला षटकार बसला तेव्हा तो धोनीने मारला, हे सांगायला कोणी लागले नाही. पाठीवर ७ होता. आकडा पुसट दिसला तरी अडत नव्हते, कारण खेळपट्टीवर दोघेच भारतीय होते आणि दुसरा, १२ क्रमांकाचा युवराज, डावखुरा. म्हणजे उजव्या हाताने खेळणारा धोनीच. त्याच संघात सेहवागच्या पाठीवर आकडाच नव्हता. कोरी पाठ हीच त्याची खूण!

परंतु आकडा एकटा फसवतो. निळा पोशाख आणि १० म्हटले की आपण सचिन म्हणून मोकळे होतो. सचिन शेवटचा एकदिवसीय सामना मार्च २०१२ मध्ये खेळला. पुढे ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोत पालघरचा शार्दूल ठाकूर हाच आकडा घालून पहिला एकदिवसीय सामना खेळला. लोकांनी नाराजी दाखवली, मग त्याने ५४ घेतला. तेव्हा छायाचित्रात १० दिसला तर आधी साल विचारावे, मग तो काय करतो आहे ते पाहावे. धाव घेऊन वेगवान चेंडू टाकणारा १० क्रमांक सचिन नव्हे.

हे सारे मला आठवते ते जिल्ह्यातल्या एका कबड्डी स्पर्धेमुळे. मी गुणलेखक होतो. गुणलेखक नाव लिहीत नाही. पंच सांगतील त्या चेस्ट नंबरापुढे गुण मांडतो. एका संघाकडे बनियन सातच. मध्यंतरानंतर ९ क्रमांकाचा गडी बाहेर बसला आणि बदली खेळाडू त्याचेच घामेजलेले बनियन घालून आत आला. त्या पोराच्या चढायांनी सामना फिरला. माझ्या वहीत मात्र सारे गुण ९ पुढे, आणि ९ पुढे नाव होते बाहेर बसलेल्याचे. संध्याकाळी उत्तम चढाईपटू म्हणून त्याचाच सत्कार झाला. ज्याने सामना जिंकून दिला, तो टाळ्या वाजवत होता.

चूक आकड्याची नव्हती; आकड्यामागचा माणूस बदलल्याची नोंद मी केली नव्हती, ही चूक होती. म्हणून माझे मत असे : बारा खेळाडूंच्या संघाला बारा बनियने द्यावीत. ते जमत नसेल तर बदलीच्या वेळी कितव्या मिनिटाला कोण आला, हे क्रमांकापुढे लिहावे. आणि वार्षिकांकातल्या छायाचित्राखालीही नावाबरोबर क्रमांक, प्रतिस्पर्धी संघ आणि तारीख छापावी. आज आपण त्यांना चेहऱ्याने ओळखतो. वीस वर्षांनी अंक उघडणाऱ्याच्या हाती तो आकडाच उरणार आहे.