नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

नवरा जाऊन महिना झाला नव्हता आणि दीर मुंबईहून दोन कागद घेऊन आले. एकावर डिमॅट खात्याचा नंबर होता, दुसरा होता पाचशेचा स्टॅम्पपेपर. "वयनी, तुमी फकत सय करा, बाकीचा मी बगतंय." वहिनीने सही केली नाही, आणि मृत्यूचा दाखलाही दिला नाही. दाखला ट्रंकेत ठेवून ती आमच्या केंद्रात आली. मालवण तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव आहे, नाव सांगत नाही. पण अशी गावे आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहेत.

तिचा नवरा तीस वर्षे मुंबईत नोकरीला होता. कंपनीच्या बोनसमधून तो थोडे थोडे शेअर्स घ्यायचा. डिमॅट खाते उघडले तेव्हा बायको गावी सासूजवळ, आणि तो धाकट्या भावाबरोबर लालबागच्या खोलीत. फॉर्मवर नॉमिनीची जागा होती. भाऊ शेजारीच बसलेला, त्याचे नाव घातले. कोकणातल्या किती चाकरमान्यांनी असेच केले असेल! त्यात कपट नव्हते. पुढे मुले झाली, मुलीचे लग्न झाले, नवरा निवृत्त होऊन गावी आला, त्याने न्याहारी-निवास सुरू केला, आणि ते नाव तिथेच राहिले. तो गेला त्या दिवशी खात्यातल्या शेअर्सची किंमत होती सुमारे ६ लाख ४० हजार.

"नॉमिनी मी, म्हणजे शेअर्स माझे," असे दिराचे म्हणणे. डीपी म्हणजे ज्या बँकेकडे किंवा दलालाकडे डिमॅट खाते असते तो मध्यस्थ. त्याच्या कचेरीतही तिला तेच सांगण्यात आले. आणि मैत्रिणींनो, मला लाज वाटते ती याची, की आमच्या केंद्रातल्या दोघी जाणत्या कार्यकर्त्याही म्हणाल्या, "नॉमिनी आहे ना, मग काय करणार?"

हा समज आकाशातून पडलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयानेच तो २०१० साली पक्का केला होता. हर्षा नितीन कोकाटे विरुद्ध सारस्वत बँक या दाव्यात एका विधवेने नवऱ्याच्या डिमॅट खात्यातले शेअर्स विकण्याचा हक्क मागितला. नॉमिनी होता नवऱ्याचा पुतण्या. कंपनी कायद्याचे कलम १०९-अ आणि डिपॉझिटरीचे उपनियम यांत 'शेअर्स नॉमिनीच्या स्वाधीन होतील' असे शब्द आहेत, त्यांचा अर्थ न्यायालयाने मालकी असा लावला, आणि बायको रिकाम्या हाताने परतली. विम्याबाबत नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच सांगितलेले असताना शेअर्सपुरता उलटा न्याय झाला.

तो बदलला ते प्रकरण आपल्याच मातीतले. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर जन्माने मालवणचे. २०१३ मध्ये ते गेले आणि त्यांच्या गुंतवणुकीवरून कुटुंबातच दावा उभा राहिला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी कोकाटे निवाडा चुकीचा ठरवला, डिसेंबर २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच म्हटले, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निवाड्यात शिक्कामोर्तब केले : नामनिर्देशनाने वारसाहक्क संपत नाही. शेअर्स नॉमिनीच्या हाती येतात ते वारसांसाठी सांभाळायला. सेबीनेही २०२५ च्या जानेवारीतल्या परिपत्रकात नॉमिनी हा वारसांचा विश्वस्त असे स्पष्ट लिहिले आहे.

म्हणजे दीर टपालवाले होते. पत्र हातात पडले म्हणून ते टपालवाल्याचे होत नाही.

आता त्या दोन कागदांकडे पाहू. पहिला होता डीपीला द्यायचा ट्रान्समिशनचा अर्ज, म्हणजे मृताच्या खात्यातले शेअर्स हयात माणसाच्या खात्यात वळते करण्याची विनंती. नॉमिनीला त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि स्वतःच्या डिमॅट खात्याचा तपशील एवढेच लागते. बायकोची सही लागत नाही, वारसांची संमतीही नाही. मग स्टॅम्पपेपरवर वहिनीची ना-हरकत कशाला हवी होती? डीपीने ती मागितलेलीच नव्हती. ती हवी होती उद्या वहिनी वा मुलगी कोर्टात उभी राहिली तर दाखवायला. ज्याला मालकीची खात्री असते तो विधवेची सही मागत नाही. कायद्याने न लागणारी सही जेव्हा घाईने मागितली जाते, तेव्हा तिथे बाईचा हक्क आहे असे खुशाल समजावे.

आम्ही पहिले पत्र डीपीला लिहिले, वहिनीच्या सहीने. खातेदार अमुक तारखेस मरण पावले. मी त्यांची पत्नी. वारस आम्ही चौघे. नोंदवलेला नॉमिनी वारसांचा विश्वस्त आहे आणि शेअर्सच्या मालकीबद्दल वाद आहे. खात्यातून शेअर्स बाहेर जाणारे व्यवहार थांबवावेत. पत्राची पोच द्यावी. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि मृताच्या पॅनकार्डाची. १ जानेवारी २०२४ पासून अशी सोय आहे की मृत्यूची खबर नॉमिनीनेच द्यावी असे नाही, घरचे कुणीही देऊ शकते, आणि दाखला तपासून झाला की खात्यातली विक्री वा वळती बंद होते. हे पत्र पहिल्या आठवड्यातच गेले पाहिजे. कारण खरी लूट पुष्कळदा वारसाच्या अर्जाने होतच नाही. मेलेल्या माणसाचा मोबाईल ज्याच्या हाती, त्याच्याकडे पासवर्ड आणि ओटीपी. तो शेअर्स विकतो, पैसे बँकेत येतात, एटीएम कार्डही त्याच्याकडेच. मृत्यूच्या तारखेनंतरची विक्री खात्याच्या उताऱ्यात दिसली तर तिचा जाब विचारता येतो, पण पैसे गेलेले असतात.

या पत्राची मर्यादाही सांगायला हवी. नॉमिनीचा अर्ज पूर्ण असेल तर डीपी शेअर्स त्याच्या खात्यात घालतो. विधवेच्या पत्राने ते थांबत नाही, त्याला कोर्टाचा मनाई हुकूम लागतो. म्हणून दुसरे पत्र दिराला, रजिस्टर पोस्टाने : शेअर्स तुमच्या खात्यात येतील ते विश्वस्त म्हणून, विकू नयेत, वारसांच्या खात्यांत वळते करावेत, अन्यथा दावा लावू. मिळकत कितीही असो, बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ओरोसला जाऊन आम्ही तो मिळवला आणि नोटीस त्याच्या नावाने गेली.

दिरांनी मग कराची अडचण काढली : "माझ्या खात्यातून दिले तर मला टॅक्स बसेल." वारसाकडे जाणारे शेअर्स ही विक्री नव्हे आणि त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. नोंदीत गोंधळ होऊ नये म्हणून सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये नॉमिनीकडून वारसाकडे जाणाऱ्या शेअर्ससाठी 'टीएलएच' हा वेगळा संकेतही ठरवून दिला आहे.

दावा लावावा लागला नाही. देवळात बसून बोलणी झाली. मृत्युपत्र नव्हते, म्हणून हिंदू वारसा कायद्याने चार समान हिस्से : बायको, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि मृताची आई. प्रत्येकी १ लाख ६० हजारांचे शेअर्स. भाऊ या यादीत नाहीच. (ख्रिस्ती आणि मुसलमान घरांत हिस्से वेगळे पडतात. आपल्या किनाऱ्यावर हे विसरून चालणार नाही.) सासूबाईंनी आपला हिस्सा धाकट्या मुलाला देऊन टाकला. वहिनीला ते लागले, मलाही. पण सासूही बाईच, आणि तिच्या हिश्श्याचे काय करायचे हे तिने ठरवायचे.

वहिनीच्या नावाने डिमॅट खाते नव्हते. ते उघडताना आधारवर लग्नानंतरचे नाव आणि पॅनवर माहेरचे असे निघाले. लग्नात बाईचे नाव पुसायचे आणि मग प्रत्येक कचेरीत तिनेच ती आणि ही एकच असल्याचे सिद्ध करायचे! यात दोन महिने गेले.

नॉमिनी नसेल तर काय, हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो. तिथे ना-हरकत खरोखरच लागते आणि तिथेच मुली बुडतात. खात्यातल्या शेअर्सची किंमत १५ लाखांपर्यंत असेल तर २०२२ पासून कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र सक्तीचे नाही. नोटरीपुढचे सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र, नुकसानभरपाईचा बाँड आणि हिस्सा न मागणाऱ्या वारसांची ना-हरकत यावर काम होते. गरिबाला कोर्टाचा फेरा वाचावा म्हणून केलेली ही सोय. पण घराघरांत ती अशी राबते की भाऊ मागणारा आणि बहिणी हरकत नसणाऱ्या. "फॉर्मॅलिटी आहे" म्हणून सही घेतात. मालवणच्या एका नोटरीच्या बाकावर मी एका सकाळी तीन बहिणी पाहिल्या. तिघींनाही कागद इंग्रजीत, वाचून कुणी दाखवला नव्हता. महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला. सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी आपण तलाठ्याच्या दारात बसलो. हा कागद मात्र 'शेअरबाजार, शेठजींचा विषय' म्हणून आपण पाहिलाच नाही.

त्याच कागदाला दुसरा पर्याय आहे. कौटुंबिक वाटणीपत्र केले तर कुणाच्या वाट्याला काय आले ते त्यात लिहिता येते. ज्या बहिणीला सगळ्यांचे शेअर्स एकाच्या खात्यात जाऊ द्यायचे असतील, तिने निदान तेवढ्या किमतीची रक्कम आपल्या खात्यात आल्यावरच ना-हरकतीवर सही करावी.

आपली मागणी साधी आहे. नॉमिनीचा अर्ज आला की डीपीने मृताच्या नोंदलेल्या पत्त्यावर लेखी कळवावे आणि वारसांना हरकत घेण्यास मुदत द्यावी. फॉर्म, प्रतिज्ञापत्र, ना-हरकत हे सर्व मराठीत असावे. पुढच्या महिन्यात सेबीला पाठवायच्या निवेदनावर आपापल्या गटांच्या सह्या पाठवा.

वहिनीचे शेअर्स आठ महिन्यांनी तिच्या खात्यात आले. नॉमिनीच्या रकान्यात तिने मुलीचे नाव घातले आणि मृत्युपत्रही करून ठेवले, कारण नुसत्या त्या रकान्याने मुलीचे काहीच होत नाही हे तिला आता आमच्याहून नीट कळते. मोबाईल मात्र अजून दिराकडेच आहे. तो मागायला ती येत्या गणपतीत मुंबईहून येणाऱ्यांची वाट बघते आहे.