रात्रीची खाज आणि घरातील सहा माणसे

होळी होऊन काही दिवस लोटले होते. ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातून एक आजी आपल्या सहा वर्षांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. नात पहिलीत शिकणारी, अंगाने बरी, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळे. आजींनी आधी नातीला बाहेरच्या बाकावर बसवले आणि मग खालच्या आवाजात सांगितले, "डॉक्टरसाहेब, पोरगी रातभर झोपत नाही जी. झोप लागली की तासा-दोन तासांत उठते, रडते, आणि मागून खाजवत राहते. सकाळी विचारले तर काहीच सांगत नाही. हिची आई म्हणते, हिला वाईट सवय लागली."

शेवटचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले. त्या सवयीबद्दल मुलीला दोनदा मार बसला होता. ज्या गोष्टीवर तिचा काही इलाज नव्हता, तिच्यासाठी ती शिक्षा भोगत होती.

खाज केव्हा सुटते, या एका प्रश्नाच्या उत्तरातच बहुतेक निदान असते. दिवसभर मूल खेळते, जेवते, त्याला काही त्रास नसतो. रात्री अंथरूण उबदार झाले की गुदद्वाराभोवती असह्य खाज सुटते. हे लक्षण सूतकृमीचे. सुताच्या तुकड्यासारखा दिसणारा हा पांढरा जंत आतड्याच्या शेवटच्या भागात राहतो. त्याची मादी साधारण एक सेंटीमीटर लांब असते. मूल झोपले की ती गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतालच्या कातडीवर हजारो अंडी घालते. त्या चिकट अंड्यांमुळे खाज सुटते. मूल झोपेतच खाजवते आणि अंडी नखांखाली जातात. ही अंडी काही तासांतच दुसऱ्याला बाधण्याजोगी होतात. सकाळी तेच बोट तोंडात गेले की चक्र पुन्हा सुरू होते. पोटात गेलेल्या अंड्यापासून मोठी मादी तयार होऊन ती पुन्हा अंडी घालू लागेपर्यंत साधारण एक महिना किंवा थोडा अधिक काळ जातो. हा महिना लक्षात ठेवावा; पुढे तो उपयोगी पडेल.

मी आजींना म्हणालो, "हे जंत आहेत. औषध सोपे आहे." त्यावर त्या थोड्या नाराज झाल्या. "जंताची गोळी तर शाळेतच दिली जी, फेब्रुवारीत. महिनाभर पोरगी शांत झोपली. मग पुन्हा तेच. ती गोळी खोटी होती काय?"

गोळी खोटी नव्हती. राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला, 1 ते 19 वर्षांच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत अल्बेंडाझोल देतात. ही मोहीम 2015 पासून चालू आहे. तिचा मुख्य रोख मातीतून पसरणाऱ्या जंतांवर आहे, म्हणजे गोल जंत, चाबूक जंत आणि रक्त शोषणारा अंकुश जंत यांवर. सूतकृमीचा मार्ग निराळा आहे. तो मातीतून येत नाही. तो माणसाच्या बोटांवरून, अंथरुणावरून आणि कपड्यांवरून दुसऱ्या माणसाकडे जातो. गोळीने मुलीच्या पोटातील जंत मेले, पण अंथरुणावरील अंडी राहिली आणि घरातील इतर माणसांच्या पोटातील जंतही राहिले. त्यांची अंडी पुन्हा तिच्या पोटात गेली, एक महिना उलटला आणि खाज परत आली. खाज नेमकी महिन्याभराने परतली, यातूनच घरात दुसरे कोणीतरी बाधित आहे हे ओळखता येत होते.

म्हणून मी घरातील माणसे मोजली. आजी, आजोबा, मुलगा, सून, ही नात आणि चार वर्षांचा नातू. सून दोन महिन्यांची गरोदर असल्यामुळे नात आजींजवळ झोपत होती. रात्री ती उठली की आजी अंधारात चाचपडत खोबरेल तेल लावायच्या, तिला थोपटायच्या आणि तशाच झोपी जायच्या. पहाटे उठून त्याच हाताने चहाची भांडी काढायची. मी विचारले, "आजी, तुम्हाला रात्री खाज येते का?" त्यांनी बराच वेळ पदराशी चाळा केला आणि मग मान हलवली. चार महिन्यांपासून येत होती. या वयात असे कोणाला कसे सांगायचे, म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या.

वाचकांपैकी जे आजी-आजोबा आहेत, त्यांना माझी विनंती आहे की हे लपवू नका. सूतकृमी अस्वच्छ माणसालाच होतात असे नाही. मुलाच्या जवळ झोपणाऱ्या कोणालाही होऊ शकतात. तसेच ज्या वृद्धांचे अंग कोणीतरी पुसते, कपडे कोणीतरी बदलते, त्यांच्या बाबतीत ही काळजी शुश्रूषा करणाऱ्यानेही घ्यावी.

निदान पक्के करण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी हलक्या हाताने कपडे बाजूला करून बॅटरीच्या प्रकाशात गुदद्वाराभोवती पाहावे. पांढरे, हलणारे सुतासारखे जंत दिसले तर शंका उरत नाही. दुसरा मार्ग पारदर्शक चिकटपट्टीचा. सकाळी उठल्याबरोबर, शौच व अंघोळीच्या आधी, पट्टीची चिकट बाजू त्या कातडीवर दाबावी आणि काचेच्या पट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यावी. एका दिवशी अंडी सापडली नाहीत तर लागोपाठ तीन सकाळी करावे. नंतर हात साबणाने धुवावेत. शौचाच्या तपासणीवर मात्र विसंबू नये. अंडी कातडीवर असतात, शौचात बहुधा नसतात. त्यामुळे तो अहवाल निर्दोष आला तरी जंत असू शकतात.

रात्रीची प्रत्येक खाज सूतकृमीची नसते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत आणि कमरेभोवती पुरळ असून घरातल्या इतरांनाही खाज येत असेल तर ती खरूज असू शकते. तिचे औषध वेगळे आहे. मूल निस्तेज दिसत असेल, धाप लागत असेल, तर त्याचा दोष सूतकृमीला देऊ नये. आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात अंकुश जंत आणि सिकलसेल ही दोन्ही कारणे लक्षात घेऊन रक्त तपासावे लागते. लहान मुलींमध्ये हे जंत पुढे मूत्रमार्ग आणि योनीकडे जाऊन तेथे आग व खाज निर्माण करतात, हेही आईने जाणून असावे.

आता त्या घराचा उपचार सांगतो. आजी, आजोबा, मुलगा आणि दोन्ही नातवंडे अशा पाच जणांनी एकाच रविवारी रात्री अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एकेक गोळी चावून खाल्ली. दोन वर्षांवरील मुलाला आणि मोठ्या माणसाला मात्रा सारखीच असते, याचे आजींना आश्चर्य वाटले. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी कुस्करून देतात. त्याहून लहान बाळाला डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज काहीही देऊ नये. दोन आठवड्यांनी, पुढच्या दुसऱ्या रविवारी, त्याच पाच जणांनी पुन्हा तीच गोळी घेतली. पहिली गोळी जंत मारते, पण अंड्यांवर तिचा भरवसा धरता येत नाही. मधल्या दिवसांत जी अंडी पोटात गेली, त्यांतील जंत दोन आठवड्यांत बाहेर पडलेले असतात, पण अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसतात. दुसऱ्या गोळीची वेळ या हिशेबाने ठरते. ती चुकली तर पहिली व्यर्थ जाते. म्हणून आजोबांनी दोन्ही तारखांवर कॅलेंडरमध्ये खूण केली.

गरोदर सुनेला गोळी दिली नाही. पहिल्या तीन महिन्यांत ही औषधे टाळतात. तिने फक्त स्वच्छतेचे नियम पाळले आणि पुढील निर्णय तिच्या बाळंतपणाची काळजी घेणाऱ्या डॉक्टरांवर सोपवला. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा फिट्सची औषधे घेणाऱ्यांनी गोळीआधी डॉक्टरांना विचारावे.

औषधाबरोबर दोन आठवडे घरातील काही सवयी बदलाव्या लागल्या. मुलांची नखे बारीक कापली. रात्री घट्ट चड्डी घातली आणि सकाळी उठताच ती बदलून पार्श्वभाग पाण्याने धुतला, म्हणजे रात्रीची अंडी दिवसभर पसरली नाहीत. शौचानंतर, जेवणाआधी आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुतले. आजी रोज सकाळी अंगणात गोधडी झटकत; ती सवय मी प्रथम थांबवली. झटकल्याने अंडी हवेत उडतात आणि श्वासाबरोबर तोंडात शिरून गिळली जातात. गोधडी व चादर अलगद गुंडाळून गरम पाण्यात धुवावी आणि दिवसभर कडक उन्हात वाळवावी. उष्णता आणि कोरडेपणा या अंड्यांना सहन होत नाही; त्या बाबतीत आपल्याकडचे उन्हाळी ऊन भरपूर मदत करते. सारवलेल्या जमिनीवर आधी थोडे पाणी शिंपडून मगच झाडावे, फरशी ओल्या फडक्याने पुसावी. कुत्र्या-मांजरांना या जंतांसाठी दोष देऊ नये. हा जंत माणसाचाच आहे.

गूळ-साखरेने जंत होतात, ही समजूतही आजींनी मांडली. गोडाने जंत होत नाहीत; अंडे तोंडात गेल्याशिवाय जंत होत नाही. शेजारच्या एकाने पळसबी उगाळून देण्यास सुचवले होते. आपल्या रानात पळस मुबलक आहे आणि पळसबीचा जंतांवरील वापर जुना आहे, पण लहान मुलाला ती घरच्या अंदाजाने देऊ नये. मात्रा चुकली तर उलट्या-जुलाबांचा धोका आहे, आणि जंतांवर खात्रीचे औषध तर स्वस्तात उपलब्ध आहे.

एवढे करूनही दुसऱ्या गोळीनंतर काही आठवड्यांनी खाज परतली, तर घरातील कोणाचा डोस राहिला का, ते आधी तपासावे. तरीही उलगडा झाला नाही, तर चिकटपट्टीची तपासणी करून घ्यावी. पोटात उजव्या बाजूला दुखत असेल, ताप किंवा उलट्या असतील, तर जंत समजून घरी थांबू नये.

दीड महिन्याने आजी एकट्याच आल्या, स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. नातीचे विचारले तर म्हणाल्या, "आता झोपते जी. हिच्या आईने तिला त्या माराबद्दल माफीही मागितली." आणि मग, थोडे हसून, "मलाही झोप लागते."