बदलीची सही

कारखान्यातल्या रजेच्या छापील अर्जावर तारखा, कारण, पत्ता आणि शिल्लक रजा यांच्या खाली बरेचदा आणखी एक रकाना असतो : ‘बदली व्यक्तीचे नाव व सही’. जिथे काम चोवीस तास चालते तिथे एवढ्यावरही भागत नाही. कुठल्या पाळीला कोण येणार याचा तक्ता अर्जदारानेच करून जोडायचा. तक्ता नसेल तर अर्ज परत. वरकरणी यात गैर काही दिसत नाही. टाकी थांबत नाही, तेव्हा कोणीतरी उभे राहायलाच हवे. पण ते ‘कोणीतरी’ शोधण्याचे काम रजा मागणाऱ्या बाईचे कसे झाले, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईचे उदाहरण घेऊ. प्रतिजैविक औषध बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती केमिस्ट. तिथे मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून औषध काढतात. एक टाकी आठवडाभर चालते. दर चार तासांनी नमुना काढायचा, त्यातली साखर आणि आम्लता मोजायची, एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. बुरशीचे धागे दिसले की ठीक. धाग्यांमध्ये बारीक काड्या किंवा ठिपके वळवळताना दिसले, साखर नेहमीपेक्षा भराभर उतरू लागली, की समजायचे बाहेरचे जंतू शिरले. हे वेळेत कळले तर निदान पुढचे नुकसान टळते. नाहीतर वाफ सोडून सगळी टाकी मारावी लागते आणि आठवड्याची मेहनत सांडपाण्यात जाते.

या कामावर तीन केमिस्ट होत्या. तीन पाळ्या, तीन माणसे. व्यवस्थापनाचा हिशोब संपला!

आईच्या ऑपरेशनसाठी तिने सहा दिवसांची रजा वीस दिवस आधी मागितली. अर्ज परत आला, ‘तक्ता जोडा’ असा शेरा मारून. तिने दोघी सहकारिणींच्या हातापाया पडून तक्ता केला. आता हा तक्ता नीट वाचा. सहा दिवसांच्या अठरा पाळ्या दोघींत वाटल्या, म्हणजे प्रत्येकीला नऊ. आठ तासांची एक पाळी धरली तर बहात्तर तास. कायद्याने आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांची. ती मोडली जाणार हे कागदावर लिहिलेले होते आणि त्याच कागदावर साहेबांनी मंजुरीची सही केली.

चौथ्या रात्री दुसरी पाळी संपवून तिसरीला तशीच थांबलेल्या सहकारिणीने काचपट्टी पाहिली. काड्या होत्या. तिला तो कचरा वाटला. साखरेचा आकडाही खाली आला होता, पण मागच्या आकड्याशी ताडून पाहण्याइतके भान सोळाव्या तासाला कोणाला राहते? सकाळी टाकी मारावी लागली. मेमो दोघींना मिळाला : जागी होती तिला आणि ऑपरेशन थिएटरबाहेर बसली होती तिलाही. कारण, ‘तक्ता तुम्हीच केला होता.’

बदलीच्या सहीचा खरा उपयोग हा आहे. रजा देताना व्यवस्थापनाचे काही खर्च होत नाही आणि काही बिघडले तर दोषाचा कागद तयार असतो. वर, रजा हा हक्क न राहता मैत्रिणीचे उपकार होतात. आज तिने माझी पाळी केली, उद्या तिच्या मुलाच्या आजारपणात मी दोन करायच्या. घरातल्या दुखण्याखुपण्याला रजा बहुतेक बाईच काढते. त्यामुळे हे उपकार फेडत राहण्याचे ओझेही तिच्यावरच जास्त पडते. रात्रपाळीसाठी बाईची संमती लागते म्हणतात. मैत्रिणीसाठी ‘हो’ म्हणून केलेल्या रात्रपाळीला संमती म्हणायचे का?

“माणसे कमी आहेत, आम्ही तरी काय करणार?” हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. मग माणसे मोजूच. दिवसाला तीन पाळ्या म्हणजे वर्षाला १०९५. एका माणसाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, वीस दिवसांमागे एक या हिशोबाने १४ दिवस भरपगारी रजा, सणांच्या ८ आणि आजारपण-किरकोळीच्या ७ धरा. उरले २८४. तिघींच्या मिळून ८५२ पाळ्या होतात. २४३ कमी पडतात. म्हणजे कोणी जादा रजा मागितली नाही तरी वर्षभर कोणीतरी डबल करतेच आहे. चौघी असतील तर ११३६, जेमतेम जमते. पण त्यांतली एक २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेवर गेली की पुन्हा शंभरएक पाळ्या कमी. चोवीस तास चालणाऱ्या एका जागेला पाच माणसे लागतात. त्या पाचव्या माणसाला कारखान्यात रिलिव्हर म्हणतात. ते भरायचे नाही म्हणून तो रकाना छापलेला आहे.

कायदा काय सांगतो? १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ ने ही अडचण ओळखली होती. काम अखंड चालावे म्हणून रजांची लेखी योजना करायची असेल तर ती व्यवस्थापनाने, कामगारांच्या प्रतिनिधींशी सहमतीने करायची आणि कारखान्यात लावायची. अशा योजनेला धरून नसेल तर रजा नाकारता येत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३२ नुसार वर्षात १८० दिवस काम केले की भरपगारी रजेचा हक्क मिळतो, आणि मागूनही नाकारलेली रजा कितीही साठली तरी बुडत नाही. जादा तासांना कामगाराची संमती आणि दुप्पट दर लागतो. अर्जदाराने बदली माणूस आणावा असे जुन्या कायद्यात नव्हते, नव्यातही नाही.

मग रजेवर जाणारीची जबाबदारी काहीच नाही का? आहे, आणि ती आपण चोख पार पाडावी. कामाची माहिती मागे ठेवणे आपले काम. त्या कामावर माणूस नेमणे त्यांचे. अर्ज असा लिहिता येईल :

“अमुक ते अमुक तारखेपर्यंत सहा दिवसांची भरपगारी रजा मिळावी. सोबत कामाची नोंद जोडली आहे : कोणती टाकी कितव्या तासाला आहे, पुढचे नमुने केव्हा काढायचे, साखर व आम्लतेचे शेवटचे आकडे, काचपट्टीवर काय दिसल्यास व साखर किती उतरल्यास इनचार्जना लगेच उठवायचे. या काळातील पाळ्यांची नेमणूक करून, कोणाचेही आठवड्याचे तास मर्यादेबाहेर न जाता, तक्ता फलकावर लावावा ही विनंती.”

बदलीचा रकाना रिकामा सोडायचा किंवा त्यात ‘नेमणूक व्यवस्थापनाने करावी’ असे लिहायचे. प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. नाकारले तर तेही लेखी मागायचे, कारण साठलेल्या रजेचा तोच पुरावा.

एकटीने असा अर्ज दिला तर ती ‘आगाऊ’ ठरेल, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तो एकटीने देऊ नये. खात्यातल्या सगळ्यांनी हाच मजकूर वापरावा. मैत्रिणीची पाळी आपखुशीने जरूर करावी, पण तिच्या अर्जावर सही करू नये. ही सही नाकारणे म्हणजे मैत्रिणीला नाकारणे नव्हे. तिच्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी तिच्या हातात मेमो पडू नये, यासाठीच ती नाकारायची.